ही वीट कुठल्या भट्टीत मिळते?

कोल्हापुरात घर आधी फ्लेक्सवर उभं राहतं. प्लॉटला तारेचं कुंपण पडायच्या आधीच दोन बांबू रोवले जातात आणि त्यांच्यावर आठ बाय दहाचा बंगला फडफडायला लागतो. बंगल्यासमोर त्या अख्ख्या गल्लीत कुणाकडे नसलेली मोटार उभी असते, वर काश्मीरचं आकाश असतं आणि अंगणात एक परदेशी बाई कुत्र्याला फिरवत असते. रिंगरोडच्या दोन्ही बाजूंना दिसणाऱ्या या बायकांपैकी निम्म्या मी फिरवायला आणल्यात. व्ह्यू काढणं हा माझा धंदा. गिऱ्हाईक मला ‘थ्रीडीवाले’ म्हणतं, घरची मंडळी ‘दिवसभर कॉम्प्युटरवर बसून असतो’ एवढंच म्हणतात.

या धंद्यात गिलाव्याच्या भिंतीसारखं सुख नाही. पांढरा रंग ओतला, ऊन पाडलं, भिंत तयार. गिलावा कुणी मोजत नाही. पण मग मोबाइलवर सगळ्यांना उघड्या विटांची घरं दिसायला लागली आणि माझी झोप उडाली. आमचे मालक (त्यांचा उद्यमनगरात मशीनशॉप आहे) एका संध्याकाळी मोबाइल पुढे करत म्हणाले, “असं पायजे. लई भारी दिसतंय. गिलावा नको, रंग नको, नुसती वीट.” सोबत त्यांचे वडील होते. आबांनी चष्मा वर करून फोटो बघितला आणि हळहळत विचारलं, “बिचाऱ्याचं पैसं संपलं काय?”

आबांचं तरी काय चुकलं? या गावाने १८८४ साली पुरा झालेला नवा राजवाडा बघितलाय, काळ्या घडीव दगडाचा. इथे मान दगडाला. वीट म्हणजे आतून घालायची वस्तू, बनियनसारखी. तशी वीट इथे नवी नाही. पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकाडावर १९४५-४६ मध्ये डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी उत्खनन केलं, तेव्हा सातवाहन काळातली विटांची घरं निघाली. म्हणजे जवळजवळ दोन हजार वर्षं इथला गवंडी थरावर थर चढवतोय. त्याला आधी व्ह्यू दाखवून कुणी छळलं नव्हतं, एवढाच फरक.

मी नेहमीच्या सवयीने विटेचा एक तयार फोटो उतरवून घेतला. परदेशी संकेतस्थळांवर असे फोटो पोत्याने मिळतात. तो भिंतीवर चिकटवला, ऊन पाडलं, बाईला कुत्र्यासकट उभी केली. मालक खूश. आर्किटेक्ट साहेब खूश. मालकीणबाईंनी तर ‘केवढं उंच आणि दांडगं दिसतंय घर’ म्हणून लगेच माहेरी पाठवून दिलं. चित्र छापून साइटवर गेलं आणि मिस्त्रींच्या हातात पडलं.

मिस्त्रींनी चित्र उन्हात धरलं, अंगठ्याचं नख भिंतीच्या तळाला टेकवलं आणि ओठ हलवत नख वर सरकवायला लागले. मला वाटलं, काही मंत्र वगैरे म्हणतायत.

“सायेब, पोर्चच्या भिंतीत चाळीस थर हायती.”

“असतील की.”

“माझ्या विटंत पस्तीस बसत्यात. वरलं पाच कुठनं आणू?”

साहेब माझ्याकडे बघायला लागले, मी चित्रातल्या बाईकडे.

हिशेब साधा होता, फक्त तो करायचा असतो हे आमच्या धंद्यात कुणाच्या गावी नसतं. आमच्या साइटवर उतरलेली वीट नऊ इंची, म्हणजे २३० मिलिमीटर लांब, ११० रुंद आणि ७५ उंच. तिच्यावर १० मिलिमीटर मालाची दर्ज. म्हणजे एक थर ८५ मिलिमीटरचा. भिंत तीन मीटर, ३००० भागिले ८५, पस्तीस थर आणि वर २५ मिलिमीटर शिल्लक. माझ्या चित्रातली वीट मात्र इंग्लंडची निघाली. तिकडची प्रमाणित वीट ६५ मिलिमीटर उंच, दर्ज धरून थर ७५ चा, चार थरांत बरोबर ३०० मिलिमीटर. तीन मीटरला चाळीस थर. आणि मालकीणबाईंना घर जे उंच वाटलं, ते या पाच थरांमुळेच. भिंतीची उंची डोळा विटेवरून मापतो. वीट बारीक झाली, थर वाढले, की तेवढीच भिंत उंच दिसते. एक पैसा खर्च न करता मी त्यांना मजला चढवून दिला होता.

“मग ते चित्र जरा ओढून बसवा की,” मालक म्हणाले. मशीनशॉपवाल्याच्या तोंडून हे ऐकून मला वाईट वाटलं. उभं ताणलं की विटेबरोबर आडवी दर्जही ताणते, उभी दर्ज आहे तेवढीच राहते आणि विटेची लांबी तर इंग्लंडचीच, २१५. असल्या भिंतीत काय बिघडलंय ते बघणाऱ्याला सांगता येत नाही, पण काहीतरी बिघडलंय एवढं कळतं आणि तो म्हणतो, ‘थ्रीडी वाटतंय.’ आमच्या धंद्यात याहून वाईट शिवी नाही.

तेव्हा तयार फोटो टाकून दिला आणि विटा ब्लेंडरमध्ये आकड्यांनी मांडायच्या ठरवल्या. ब्लेंडरमध्ये Brick Texture नावाचा एक डबा असतो. तो जसा येतो तसा बसवला की वीट निघते १०० मिलिमीटर लांब आणि ५० उंच. शाळेच्या डब्यातल्या वडीएवढी. बरं, हा डबा जमिनीवर फरशी घालायच्या बेताने चालतो, भिंत उभी असते हे त्याला ठाऊकच नसतं. मी तो थेट उभ्या भिंतीवर लावला तेव्हा सगळ्या आडव्या दर्जा गायब झाल्या आणि पोर्चवर खालपासून वरपर्यंत तांबडे उभे पट्टे आले. मालकांच्या धाकट्या मुलीने खांद्यावरून वाकून विचारलं, “काका, हे सर्कशीचं आहे?” Mapping मध्ये X भोवती -90 अंश फिरवल्यावर विटा भिंतीवर आल्या. मग आकडे घातले.

```
Scale         1.0
Offset        0.5
Frequency     2
Mortar Size   0.005
Brick Width   0.240
Row Height    0.085
```

हे सगळं मीटरमध्ये. त्यातली गोम दोन ठिकाणी आहे. Brick Width आणि Row Height म्हणजे नुसती वीट नव्हे, दर्ज धरून वीट. २३० ची वीट तिथे २४० लिहायची, ७५ चा थर ८५. आणि Mortar Size ही विटेच्या एकेका कडेची दर्ज. शेजारच्या दोन विटांच्या कडा मिळून ती दुप्पट होते, म्हणून १० मिलिमीटर हवी तर ५ लिहायची. १० लिहिली की पडद्यावर २० ची दर्ज येते. असली भिंत मोबाइलवर फार झकास दिसते, कारण विटा सुट्ट्या सुट्ट्या उठून दिसतात. पाहणारा प्रत्येकजण खूश होतो, सिमेंटवाला सगळ्यात जास्त.

खरी १० मिलिमीटरची दर्ज दाखवणं हा वेगळाच मनस्ताप. घराचा दर्शनी भाग बारा मीटरचा आणि चित्र १९२० ठिपके रुंद. म्हणजे एका ठिपक्यात सहा मिलिमीटरच्या वर जागा. दर्जेच्या वाट्याला दीड ठिपका. मग ती कुठे उमटते, कुठे बुडते, आणि भिंतीवर पाण्यात तेल पडावं तशा लाटा येतात. यावर आमच्या बिरादरीचा परंपरागत उपाय म्हणजे दर्ज जाड करणे. बरोबर उपाय म्हणजे चित्र मोठं काढणे, आणि त्याला रात्रभर कॉम्प्युटर चालू ठेवावा लागतो. मी बरोबर उपाय केला. सकाळी बायकोने विजेच्या मीटरकडे आणि नंतर माझ्याकडे ज्या नजरेने बघितलं, तिच्यातही लाटा होत्या.

नवं चित्र घेऊन साइटवर गेलो. मिस्त्रींचं नख पुन्हा तळाशी टेकलं, वर सरकलं. “पस्तीस.” चेहऱ्यावर समाधान. मग नख वरच्या टोकाला अडकलं. “आन् ही कापटी कसली?”

उरलेल्या २५ मिलिमीटरची एक चिंधी बीमखाली चिकटून बसली होती. पडद्यावर मला ती दिसलीच नव्हती. इतकी पातळ वीट कापताच येत नाही, हातात भुगा येतो. मिस्त्री हसले आणि आपली लाकडी पट्टी घेऊन आले. तिच्यावर थरांच्या खुणा केलेल्या होत्या, शेवटची खूण बरोबर बीमच्या तळाला. २५ मिलिमीटर त्यांनी पस्तीस दर्जांत वाटून टाकले होते. एका दर्जेला पाऊण मिलिमीटरसुद्धा वाट्याला येत नाही. देवाच्या डोळ्यांनाही दिसायचं नाही. मी मुकाट्याने Row Height मध्ये ०.०८५७ लिहिलं. मिस्त्रींनी ही आकडेमोड दोरी आणि पेन्सिलीने केली होती आणि विजेचं बिल आलं नव्हतं.

पण त्या पट्टीने दुसरं एक भूत उठवलं. दरवाज्याचं डोकं सात फुटांवर, म्हणजे २१०० ला. खुणा मोजल्या तर तिथे साडेचोवीसावा थर. म्हणजे चौकटीच्या वर अख्खी ओळ आडव्या कापलेल्या विटांची. ‘चौकटीवर पट्टी मारून झाकू’ असं मी सुचवलं, कारण झाकणं हे माझं काम आहे. आर्किटेक्ट साहेबांनी ते न ऐकल्यासारखं करून दरवाजा त्रेचाळीस मिलिमीटर वर उचलला. पंचवीस थर पुरे झाले, डोकं थराच्या रेघेत आलं. खिडक्यांची डोकीही त्याच रेघेला. आबांनी विचारलं, “हे त्रेचाळीस शुभ असतंय काय?” साहेब म्हणाले, “पंचवीस थर म्हणजे पाच पंचे, आबा.” आबा गप्प झाले. साहेबांचं शिक्षण वाया गेलेलं नाही.

मला वाटलं, सुटलो. तेवढ्यात मिस्त्रींनी चित्रातल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं.

“ही वीट कुठल्या भट्टीत मिळती?”

बघितलं तर खरंच. पोर्चच्या कोपऱ्यावर समोरच्या अंगाला अख्खी नऊ इंच वीट दिसत होती आणि त्याच थरात वळून बाजूला गेलं की तिथेही अख्खी नऊ इंच. म्हणजे वीट इंग्रजी एल आकाराची. तिच्या वरच्या थरात समोर अर्धी आणि बाजूलाही अर्धी, म्हणजे चौकोनी पेढा. तो डबा प्रत्येक भिंत आपापली मोजायला सुरुवात करतो, शेजारच्या भिंतीशी त्याचं बोलणं नसतं. गल्लीतली निम्मी घरं तशीच आहेत म्हणा.

खऱ्या भिंतीत कोपऱ्यावर वीट एकच असते. समोरून तिची लांबी दिसली तर बाजूने तिचं डोकं दिसणार, पुढच्या थरात उलट. एकाआड एक. आणि विटेचं माप मुळात त्यासाठीच तसं असतं, ११० अधिक दर्ज १० अधिक ११०, झाले २३०. दोन रुंद्या आणि मधली दर्ज मिळून एक लांबी. त्यामुळे कोपऱ्यावरून वळून आलेलं डोकं पुढच्या विटेला आपोआप अर्ध्यावर सरकवतं आणि प्रत्येक उभी दर्ज खालच्या विटेच्या मधोमध येते. पुस्तकात ज्याला ‘रनिंग बाँड’ म्हणतात तो कोपऱ्यातून असा आपला आपण जन्माला येतो. मिस्त्रींना त्यासाठी Offset मध्ये काही लिहावं लागत नाही. मी बाजूच्या भिंतीवरच्या विटा अर्धी वीट, म्हणजे १२० मिलिमीटर, सरकवल्या, आणि कोपरा जुळला. चित्र खरं आहे की खोटं हे बघायचं असेल तर कुणाच्याही व्ह्यूमध्ये आधी कोपरा बघावा. मी हल्ली लग्नाच्या हॉलच्या फ्लेक्सपाशीही थांबून कोपरे बघतो. लोकांना वाटतं, वधू-वरांची नावं वाचतोय.

एवढं झाल्यावर मालकांनी दुसरा फोटो काढला. यात विटा एकावर एक, उभ्या दर्जा खालपासून वरपर्यंत सरळ एका रेघेत. ‘स्टॅक बाँड’. “हेच पायजे होतं मला आधीपासनं,” ते म्हणाले. माझ्या बाजूने हे काम अर्ध्या मिनिटाचं. Offset ०.५ चं शून्य केलं, रनिंगचा स्टॅक झाला. धंद्यात इतक्या स्वस्तात गिऱ्हाईक खूश करायची संधी क्वचित येते, मी लगेच करून दाखवलं.

मिस्त्रींनी चित्र बघितलं आणि थापी खाली ठेवली. मिस्त्री थापी खाली ठेवतात म्हणजे प्रकरण गंभीर.

“विटंवर वीट? सांध्यावर सांधा? दादा, ही भिंत न्हाई, ही नुसती चळत हाय. वरनं खालपतोर उभी फाटंल.”

मालकांनी माझ्याकडे बघितलं. “चित्रात तर उभी आहे की.”

चित्रात उभी होती, कारण माझ्या चित्रात वजन नसतं. खऱ्या भिंतीत रनिंग बाँडची प्रत्येक वीट खालच्या दोन विटांवर बसते, वजन पसरत जातं, आणि तडा जायचा म्हटला तरी त्याला विटेमागून विटेला वळसा घालत जावं लागतं. स्टॅक बाँडमध्ये त्याच्यासाठी सरळ रस्ता आखून ठेवलेला असतो. साहेबांनी समजावलं की असं करायचंच तर दर काही थरांनी आडव्या दर्जेत बारीक सळ्या घालाव्या लागतात, नाहीतर मागे वेगळी भार घेणारी भिंत बांधून पुढे नुसता विटांचा मुखवटा लावायचा.

“सळ्या घालू,” मालक म्हणाले. “पण दिसलं पाहिजे चित्रागत. रेघ म्हणजे रेघ.”

यावर मिस्त्री काही बोलले नाहीत. ढिगातल्या विटा उचलून त्यांनी जमिनीवर एका ओळीत लांबीने मांडायला सुरुवात केली, वीस मांडल्या, आणि शेजारी दुसऱ्या वीस. दोन्ही ओळींचं एक टोक जुळवलं होतं. दुसरं टोक मालकांनी स्वतः वाकून बघितलं. दोन ओळींत सहज चार बोटांचं अंतर. वीस विटा मांडून मोजायची ही रीत सरकारी मानकातही आहे. तिथे १९० मिलिमीटरच्या वीस विटा ३८०० भरायला हव्यात, आणि ८० इकडे किंवा तिकडे चालतात. म्हणजे सरकारमान्य उत्तम विटांमध्येही एकेक वीट सरासरीने चार मिलिमीटर लांब किंवा आखूड असू शकते.

“चार मिलिमीटर?” मालकांचा आवाज बारीक झाला. त्यांच्या शॉपमध्ये मिलिमीटरच्या शंभराव्या भागावरून कामगाराला शिव्या पडतात.

“भट्टी हाय, मालक. मशीन न्हवं.”

आणि यातच सगळी मेख. रनिंग बाँडमध्ये एक उभी दर्ज संपली की तिच्या रेघेतली दुसरी दर्ज मधला एक थर सोडून येते. मधे वीट आडवी पडलेली असते, त्यामुळे चार-पाच मिलिमीटरची तफावत डोळा पकडतच नाही. स्टॅक बाँडमध्ये पस्तीस दर्जा एकाखाली एक. त्यात एक जरी पाच मिलिमीटरने सरकली तरी रेघ पिऊन आल्यासारखी चालते. म्हणजे जो बाँड कॉम्प्युटरवर सगळ्यात सोपा, तोच साइटवर सगळ्यात अवघड, आणि गिऱ्हाईक बघतं कॉम्प्युटरवर.

मालकांनी माझी परीक्षा घ्यायची म्हणून सांगितलं, “मग ह्या विटांनी कसं दिसंल ते काढून दाखवा.” मी एकेका विटेला चार मिलिमीटरपर्यंत इकडेतिकडे ढकलून व्ह्यू काढला. आयुष्यात पहिल्यांदाच मी घर आहे त्याहून वाईट दाखवलं. मालकांनी बराच वेळ बघितलं. मालकीणबाईंनी बघितलं आणि हे चित्र माहेरी पाठवायचं नाही अशी सक्त ताकीद दिली. शेवटी तोड निघाली. भिंती सगळ्या रनिंगमध्ये, आणि दिवाणखान्यात टीव्हीच्या मागच्या भिंतीवर तेवढा स्टॅक. तोही कारखान्यात कापलेल्या, सारख्या मापाच्या पातळ ब्रिक टाइलचा. तिथे वजन टीव्हीचं, तेही मागच्या भिंतीवर.

घर उभं राहिलं. मिस्त्रींनी माल ओला असतानाच दर्जा खरवडून नंतर भरल्या, ओळंबा लावून कोपरे चढवले, आणि पावसाळ्याआधी काम संपवलं. मग मालकांच्या गृहकर्जाचा शेवटचा हप्ता सोडायला बँकेचा माणूस पाहणीला आला. त्याने घराला फेरी मारली आणि कागदावर लिहिलं, ‘बाहेरील गिलाव्याचे काम बाकी.’ हप्ता अडकला.

मालकांनी ओरडून सांगितलं की हे असंच आहे, मुद्दाम केलंय. तो म्हणाला, सगळे असंच म्हणतात. मग मालकांनी आतून माझं शेवटचं चित्र आणलं, आर्किटेक्ट साहेबांची सही असलेलं. त्या माणसाने ते उन्हात धरलं. भिंतीकडे बघितलं, चित्राकडे बघितलं. आणि मालकांनी मला फोनवर जे सांगितलं त्यावर माझा अजून विश्वास बसत नाही. म्हणे, त्याने खिशातलं पेन काढलं आणि पोर्चच्या भिंतीचे थर मोजायला लागला. मग चित्रातले मोजले.

“दोन्हीकडं पस्तीस!” मालक फोनवर ओरडत होते. “कोपरा पण जुळला भावा! हप्ता सुटला!”

मागून आबांचा आवाज स्पष्ट ऐकू आला. “बरं झालं. आता त्या पैशात तेवढा गिलावा करून घ्या.”